एक जूनची उत्तरं

अंबाजोगाई,
४ जून

प्रिय विठ्ठल,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या एवढ्या लोकांना तू उत्तरं देतोस तरी कसा?" तेव्हा दारात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. तुझं दुखणं कळलं. तू एक झकास मजकूर तयार केलास, सगळ्यांना तोच धाडलास आणि संध्याकाळपर्यंत मावशींचा रुसवा आला. मजकूर वाईट नव्हता, मलाही आला होता. पण "आपण सर्वांनी केलेल्या प्रेमाच्या वर्षावाने भारावून गेलो" हे एकट्या मावशींच्या फोनवर गेलं. त्या बिचाऱ्या एकट्या, त्यांना "आपण सर्व" म्हटल्यावर हा गठ्ठ्यातला कागद आहे हे कळायला वेळ लागतो का?  

तू नावं घालून पाठवायचं म्हणतोस, त्यानेही भागत नाही. आपल्याकडं एका घरात चार फोन आणि चारही एकाच बाजेवर पडलेले. आमच्या मेव्हण्यांकडून बाप, लेक आणि सून अशा तिघांच्या शुभेच्छा येतात. रात्री जेवताना हे तिघं एकमेकांची उत्तरं वाचून दाखवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. "धन्यवाद दाजी, आपल्या शुभेच्छा मोलाच्या" आणि "धन्यवाद सूनबाई, आपल्या शुभेच्छा मोलाच्या" हे शेजारीशेजारी आलं की नाव घातल्याचा सगळा फायदा गेला. म्हणून मी घराघराने बसतो. एका घरची सगळी उत्तरं सलग लिहायची, म्हणजे तेच वाक्य दुसऱ्यांदा हातातून निघालं की लगेच दिसतं. दाजींना मोटारीच्या जळक्या वायंडिंगचं विचारलं, लेकाला नुसतं "कधी येतोस रे, आंबे संपायलेत" आणि सूनबाईला तिच्या पोरीनं पाठवलेल्या चित्राबद्दल दोन शब्द. तीन ओळींचं काम.

आता आपला खास पेच, १ जून. माझी आई सांगायची की मी पोळ्याच्या करीला झालो. पण शाळेत घालताना कागद कुठं होता? शाळा भरायच्या तोंडावर वय पुरं बसेल अशी तारीख गुरुजींनी टाकली आणि निम्मी वर्गसोबती मंडळी एकाच दिवशी जन्माला आली. त्यामुळे शुभेच्छा देणाऱ्याचाही त्याच दिवशी वाढदिवस असतो, आणि तिथं "सेम टू यू" म्हणणं म्हणजे आहेरात आलेला टॉवेल त्याच घडीत परत करणं. ह्यावर मला एकच उपाय सापडलाय. अशी माणसं मी ३१ मेच्या संध्याकाळी कॅलेंडरच्या मागं लिहून काढतो आणि सकाळी त्यांच्या आधी आपण पाठवतो. मग त्यांचं येतं ते उत्तर म्हणून येतं, आपल्यावर परतफेडीची पाळी राहत नाही. एखाद्याने आपल्याला गाठलंच, तर आधी त्याच्याबद्दलचं लिहायचं आणि आभार शेवटी.

बाकीच्यांचं माझं गणित साधं आहे. समोरच्याने जेवढं स्वतःचं घातलंय, त्याच्यापेक्षा थोडंसंच जास्त आपण घालायचं. तुळजाभवानीचा फोटो आणि खाली छापील ओळ आली, तर "आभारी आहे काका, उन्हात फिरू नका" एवढं बास. तिथं दहा ओळी लिहिल्या तर बिचारा काका गोंधळतो, आता ह्याला काय उत्तर द्यावं म्हणून.

पण कोणी स्वतः लिहिलंय, तिथं थांबायचं. यंदा एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज होता. आता तो परभणीकडं ग्रामसेवक आहे. त्यानं लिहिलं, "सर, तुम्ही मैदानात दोरी ताणून काटकोन काढायला शिकवला होता, परवा घराचा पाया आखताना तसाच काढला." मी आधी लिहायला लागलो, "प्रिय, तुझ्या शुभेच्छा वाचून मन भरून आलं." मग पुसलं. ही ओळ मी कुणालाही पाठवू शकलो असतो, त्याची दोरी त्यात कुठंच नव्हती. शेवटी गेलं ते असं: "तीन, चार, पाचची गाठ मारलीस ना? गवंड्यानं ऐकलं का तुझं? पाया भरला की फोटो धाड." खाली आभारसुद्धा लिहिले नाहीत. अर्ध्या तासात गवंड्याशी झालेलं भांडण सविस्तर आलं. उत्तर लिहून झालं की मी एवढंच बघतो, की हेच दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का. येत असेल तर त्याच्या मेसेजमधली एक वस्तू उचलून आत घालायची.

प्रश्न मात्र जपून विचार. "तब्येत कशी आहे?" विचारलं की पलीकडून मोठं पत्र येतं, आणि ते तू वाचलं नाहीस तर पहिल्यापेक्षा वाईट. ज्याचं उत्तर वाचायला आपल्याला सवड आहे त्यालाच प्रश्न, बाकीच्यांना साधं विधान.

नंबर सेव्ह नसलेल्यांचे मेसेज येतात, तिथं लोक "धन्यवाद सर" म्हणून वेळ मारून नेतात. मी सरळ लिहितो, "आभार. फोन बदलला तेव्हा काही नंबर गेले, नाव सांगाल का?" त्याचा राग कुणाला आलेला नाही. आणि ज्यांच्या घरातलं वर्षभरात कोणी वारलंय, त्यांना केकचं चित्र नको, लेखी उत्तरही नको. फोन लाव. सत्तरीच्या पुढच्यांनाही फोनच, आणि त्याच दिवशी.

बाकी सगळं दोन-तीन दिवसांत पुरं केलं तरी चालतं. उशिरा आलेलं पण आपल्यासाठी लिहिलेलं उत्तर कुणी परत करत नाही. एका बैठकीत पंधराएक होतात, मग हात आपोआप तेच लिहू लागतो. मोबाइलचा कीबोर्ड "धन्यवाद"पुढं "आपल्या" आणि त्यापुढं "शुभेच्छांबद्दल" असं सुचवतो. त्यानं सुचवलेलं तीनदा तसंच घेतलं, की मी फोन ठेवून उठतो. राहिलेले चॅट दाबून धरून न वाचलेले म्हणून खूण करून ठेव, म्हणजे हरवत नाहीत.

ग्रुपमध्ये एकेकाला उत्तर देत बसू नकोस, रात्रभर सगळ्यांचे फोन वाजतात. संध्याकाळी एकच मेसेज, त्यात दोन-तीन जणांच्या गमतीचा उल्लेख. कुणी खास लिहिलं असेल तर तो मेसेज दाबून धर, खासगीत उत्तर द्यायची सोय तिथंच आहे. ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी लागू नको. आपल्या एका सोयऱ्यानं यंदा ती केली. ज्यांच्या फोनमध्ये त्याचा नंबर नव्हता त्यांना काही पोचलंच नाही, आणि ह्याला वाटलं सगळ्यांचे आभार मानून झाले.

मावशींना मात्र आता मेसेज करू नकोस. रविवारी उदगीरला जाणारच आहेस तर तसाच त्यांच्याकडं जा, आणि त्यांच्या लोणच्याची बरणी घेतल्याशिवाय उठू नको. त्यातली अर्धी माझी.

इकडं ढग येतात आणि जातात. सोयाबीनचं बियाणं आणून ठेवलंय, उगवण तपासायला शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेत. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर