नऊच भरतात

नौपाडा, ठाणे
रविवार, सकाळ

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

परवा तलावपाळीवर तू म्हणालास, "उत्तर सुचलं नाही की तू गोष्ट सांगतोस." ते मनातून जात नाही. तुझा प्रश्न असा होता: आत्मा म्हणजे आपणच, तर मिळवायचं काय? आणि कळलंच, तर ज्ञान्यालाही दुःख का होतं? मी प्रारब्धावर बोलत राहिलो आणि तू माझं प्रत्येक वाक्य खोडलंस. ती खोडण्यासारखीच होती. म्हणून आज गोष्टच लिहितो, पण नीट.

दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. एकानं मोजलं, नऊ भरले. दुसऱ्यानं मोजलं, तरी नऊच. जो तो स्वतःला सोडून मोजत होता. एक वाहून गेला म्हणून सगळे रडायला लागले. एका वाटसरूनं सांगितलं, "दहावा आहे." जिवात जीव आला, पण दहावा दिसेना. मग त्यानं एकाला पुन्हा मोजायला लावलं आणि तो नऊवर थांबताच म्हणाला, "दहावा तूच."

विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात 'पंचदशी' या वेदांतग्रंथाच्या सातव्या प्रकरणात ही गोष्ट घेऊन अज्ञानापासून तृप्तीपर्यंतच्या सात अवस्था दाखवल्या आहेत. "दहावा आहे" हे परोक्ष ज्ञान, म्हणजे नुसतं ऐकून कळलेलं; "दहावा तूच" हे अपरोक्ष, म्हणजे थेट स्वतःला उमगलेलं. आपला वाद पहिल्यापर्यंत पोचतो. 'तूच' म्हटलं की आपण ते 'तू' समोर ठेवून तपासायला बसतो, म्हणजे पुन्हा स्वतःला सोडूनच मोजतो. गोष्टीत मात्र आपण काठावर उभे असतो. त्यांची चूक आपल्याला आधी दिसते, आणि ती आपलीच आहे हे ध्यानात येईपर्यंत नाही म्हणायची वेळ टळून गेलेली असते.

माझ्या सात वर्षांच्या पुतणीला ही सांगितली, तर तिनं विचारलं, "काका, मग रडत किती जण होते?" दहा, सुधाकर. हरवलेलाही स्वतःसाठी रडत होता. इतकी वर्षं वाचून मला हे दिसलं नव्हतं.

दृष्टांत ताणायचा मात्र नाही. त्या दहाव्याला देह होता, इतरांना तो दिसत होता. आत्मा तसा बोट करून दाखवता येत नाही. गोष्टीवरून कुणी डोळे मिटून आत एखादा 'दहावा' शोधू लागला, प्रकाशबिकाश दिसायची वाट पाहू लागला, की समजावं, मोजणी परत नऊवर आली.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो वहिनी गेल्यानंतरचा आहे, हे मला घरी आल्यावर कळलं, माफ कर. विद्यारण्य गोष्ट पुढे नेतात. दहाव्यानं रडताना डोकं बडवून घेतलं होतं. खरं कळल्यावर त्याचं रडणं थांबलं, पण डोक्यावरची जखम तेव्हाच भरली नाही. ती हळूहळू, महिन्यानं भरली.

संध्याकाळी सहाला तलावपाळीवर असेन, आपल्या नेहमीच्या बाकावर.

तुझा,
विनायक