अंधारातली मेथी

धुळे, डिसेंबर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण रात्री नऊलाच डोळे मिटतात नि पहाटे साडेचारला उठावं लागतं. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून खानावळीची भाजी आणायचं काम माझ्याकडे आलंय. चाळीस डबे आणि दुपारचं गिऱ्हाईक, म्हणजे मेथीच्या दिवशी वीसेक जुड्या लागतात. तुला हसू येईल. खोलीवर असताना मेथी आणि शेपूतला फरक मला वासावरूनसुद्धा सांगता येत नव्हता.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. बाजारात एकाकडे हिरवीगार मेथी दिसली, पानांवर पाण्याचे थेंब चमकत होते. वीस जुड्या घेतल्या, गोणीत कोंबल्या आणि घरी आणल्या. आईनं सातला सुतळी सोडली, तर मधली पानं काळपट, चिकट, आणि भिजलेल्या गवतासारखा वास. निम्मी मेथी गाईपुढे गेली. त्या दिवशी डब्यात डाळ-वांगं गेलं. आई काही बोलली नाही, बाबा मात्र बरंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की टॉर्च घेऊन जायचा. एका म्हाताऱ्यापुढे जुडीवर टॉर्च मारला, तर त्यानं माझा हातच खाली दाबला. "डोया ठेव बाजूले, हात घाल," म्हणाला. सगळे त्याला जिभाऊ म्हणतात, मीही म्हणतो. पांझरेच्या पलीकडून सायकलला दोन पाट्या लावून येतो. त्यानं वर बोट दाखवलं. शेजारच्या गाळ्यावर हिरवं कापड ताणलेलं आणि त्याखाली दिवा. त्या उजेडात रद्दीसुद्धा हिरवी दिसेल, मेथीचं काय घेऊन बसलास!

मग त्यानं माझी चार बोटं जुडीच्या मधोमध, सुतळीच्या वरच्या अंगाला, खोल घातली. वरची पानं थंडीनं गार पडली होती, पण आत कोमट. अंथरुणातून नुकतंच उठल्यावर गादीला लागते ना, तशी ऊब. "गरम लागनी ना? कालनी शे," जिभाऊ म्हणाला. मग दुसरी जुडी दिली. ती आतपर्यंत गार.

हे असं का होतं, ते त्यानं सांगितलं नाही, मी नंतर जुळवलं. भाजी उपटली तरी पान लगेच मरत नाही, श्वास चालू असतो आणि त्यातून ऊब निघते. एकटी जुडी उघड्यावर असेल तर ती ऊब उडून जाते. पण संध्याकाळी उपटून, बांधून, ढीग घालून वर गोणपाट टाकलं, की ऊब आतच कोंडते आणि पान स्वतःच्याच ऊबेनं सडायला लागतं. म्हणून जुडी ढिगाच्या पोटातून काढायची, वरची नाही. वरच्या जुड्या रात्रभर गार हवेत पडलेल्या असतात, त्या कालच्या असल्या तरी हाताला फसवतात. ही परीक्षा ऊन चढायच्या आधीच घ्यायची. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर सगळीच भाजी कोमट लागते, तेव्हा हाताचं काही चालत नाही.

माझा मुख्य घोटाळा पाण्याचा होता. त्या थेंबांना मी दव समजलो होतो. जिभाऊनं विचारलं, "पोऱ्या, तू भाजी लेस का पाणी लेस?" दव वरच्या पानावर बसतं. जुडीच्या पोटात, सुतळीखाली सहसा कोरडं असतं. पाण्यात बुडवून काढलेली जुडी मात्र पोटापर्यंत ओली असते आणि उचलली की मनगटावर ओघळ येतो. कोमेजलेलं पान पाण्यात ठेवलं की पुन्हा ताठ होतं, त्यामुळे नुसत्या ताठपणावर विसंबलास तर फसशील. अशा वेळी बुडखा चाचपायचा. मेथी मुळासकट येते. सकाळी उपटलेल्या मेथीच्या मुळाशी ओलसर माती असते, चिमटीत धरली की चिकटते. कालच्या मुळाशी ती कोरडी होऊन बोटात भुरभुरते. मुळं धुऊन स्वच्छ केली असतील, तर देठ चिमटीत दाबून बघायचा. कुजायला लागलेला देठ बोटाला बुळबुळीत लागतो. अर्थात काही शेतकरी भाजी प्रामाणिकपणे धुऊनच आणतात. म्हणून नुसत्या धुतलेल्या मुळांवरून कोणाला चोर ठरवायचं नाही. जिभाऊ तर एका बाईची धुतलेली पालक रोज घेतो.

मला खात्री पटत नव्हती, म्हणून घरी करून पाहिलं. एक जुडी जिभाऊची, एक त्या चमकणाऱ्या थेंबांची, दोन्ही सोडून एकाच कापडावर पसरल्या. सातला दोन्ही सारख्याच ताठ. दहाच्या आत थेंबवालीनं माना टाकल्या. जिभाऊची दुपारच्या जेवणापर्यंत उभी होती आणि संध्याकाळी आईनं तीच आमच्यासाठी घोटून केली.

चार-पाच दिवसांनी मला वाटलं, आता आलं सगळं. पालक घ्यायला गेलो. पान दुमडलं, मधली शीर टक्कन मोडली, पोटात गार, कोरडं. जिभाऊकडे बघून ऐटीत म्हणालो, "ताजी!" त्यानं माझंच अंगठ्याचं नख धरून देठावर दाबलं. नख आत जाईना, दोरीसारख्या रेषा लागल्या. "ताजी अलग, कवयी अलग," म्हणाला. भाजी आज सकाळची होती, पण जून झालेली. तिला फुलाचा तुरा यायला लागला होता. मी आतापर्यंत दोन्ही एकच समजत होतो. नख लावून देठ लोण्यासारखा चिरला तर कोवळा, तंतू आडवे आले तर जून. मेथीचंही तसंच. जून मेथी कितीही ताजी असली तरी कडू नि चिवट लागते, आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. तरी आई म्हणते, डाळीत शिजवायला थोडी जून चालते, परतायला मात्र कोवळीच हवी. तिनं एवढं सांगितल्यावर मी भाजी ठरवूनच बाजारात जायला लागलो.

हातानं काय कळत नाही, तेही मी शिकलोय. भाजी कुठल्या पाण्यावर पिकली, फवारा कधी मारला, हे बोट सांगत नाही. किडीनं पानात काढलेली पांढरी नागमोडी रेघही अंधारात सापडत नाही. त्यासाठी मी एखादी जुडी रस्त्याच्या दिव्याखाली नेतो, आता जिभाऊ काही म्हणत नाही.

परवा गंमत झाली. त्यानं वीस जुड्या मोजून गोणीत टाकल्या. मी एकेकीत बोटं घालत गेलो. चौदावी कोमट लागली. मी ती उचलून त्याच्या पाटीत परत ठेवली. जिभाऊ बिडी पेटवत बघत होता. म्हणाला, "पाणी पाजेल शे का?" मी म्हटलं, "नाही जिभाऊ, पोट कोरडं आहे, पण कालचीच." त्यानं दुसरी दिली. परत केलेली जुडी गोणपाटाच्या दुसऱ्या अंगाला सरकवली. तिथे अशाच आठ-दहा होत्या, भज्यांच्या गाडीवाल्याला अर्ध्या भावात द्यायच्या. ती मुद्दाम घातली होती की चुकून आली, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

संक्रांतीला येतोयस ना? बाजरीची भाकरी आणि मेथी आई करेल, पण मेथी आणायला माझ्याबरोबर पाचला तुलाच यायचंय. बोचरी थंडी असते. हातमोजे मात्र घालू नकोस, तिथे पोचल्यावर काढावेच लागतील.

तुझाच,
खोलीतला जुना भिडू