गाडीत कॉल कट होतो तो दर वेळी एकाच कारणाने नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात पुणे-मुंबई गाडीतल्या रेंजबद्दल एका वाचकाने लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की रुळाजवळ जास्त टॉवर उभारा, आणि तोवर प्रवाशांनी फोन ‘4G ओन्ली’वर टाकावा म्हणजे प्रश्न मिटेल. मी अकरा वर्षं ड्राइव्ह टेस्टचं काम केलं. म्हणजे गाडीत चार फोन आणि एक लॅपटॉप घेऊन दिवसभर फिरायचं आणि कुठे कॉल तुटतो ते नकाशावर लाल ठिपक्यांनी उतरवायचं. आता चिंचवडहून ठाण्याला आठवड्यातून तीनदा जातो, स्वतःच्याच फोनचे लाल ठिपके मोजत. त्या पत्रातला सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा चुकला की माणूस नेमका लोणावळ्याच्या पुढे घरी फोन लावत बसतो.

आधी गाडी चालताना फोन काय करत असतो ते पाहू. तळेगावच्या पुढे गाडीने ताशी 100 किलोमीटरचा वेग पकडला की ती सेकंदाला 28 मीटर सरकते. रुळाच्या कडेचे टॉवर सरासरी दोन किलोमीटरवर धरले, तर सव्वा मिनिटाला एक टॉवर मागे पडतो. आपण बोलत असताना फोन हातातल्या टॉवरबरोबरच शेजारच्या टॉवरचा जोरही मोजत असतो. शेजारचा सरस वाटला म्हणून लगेच उडी मारत नाही. नेटवर्कने त्याला ठरवून दिलेलं असतं की शेजारी साधारण 3 डेसिबलने वरचढ असला पाहिजे आणि तो वरचढपणा पाव-अर्धा सेकंद टिकला पाहिजे. मग फोन जुन्या टॉवरला कळवतो, जुना टॉवर नव्याला विचारतो, नवा जागा राखून ठेवतो, आणि जुन्याकडून फोनला हुकूम येतो: ‘आता तिकडे जा.’ हाच हँडओव्हर. सगळं नीट झालं तर मधे आवाज सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याइतकाच थांबतो, म्हणजे आपल्याला कळतही नाही.

यातली मेख शेवटच्या हुकमात आहे. तो जुन्या टॉवरकडूनच यावा लागतो, आणि त्या क्षणी जुना टॉवरच तर क्षीण होत असतो. डोंगराचा उतार, पूल किंवा खोल खोदलेली वाट आली आणि जुना टॉवर अर्ध्या सेकंदात बसला, तर फोनचा निरोप पोचत नाही किंवा हुकूम परत येत नाही. नवा टॉवर समोर ठणठणीत उभा असतो, पण फोनला तिकडे जायची परवानगी मिळालेली नसते. आमच्या धंद्यात याला ‘लेट हँडओव्हर’ म्हणतात. मग फोन सेकंदभर जुन्याचा माग काढतो, हरतो आणि नव्याने दार ठोठावतो. दार लगेच उघडलं तर आवाज दोन सेकंद फाटतो, नाहीतर कॉल कट.

म्हणूनच नुसते जास्त टॉवर उभारून भागत नाही. जास्त टॉवर म्हणजे जास्त हँडओव्हर, आणि त्यातल्या एका टॉवरची दुसऱ्याशी शेजारी म्हणून नोंदच झालेली नसेल तर तो टॉवर असून नसल्यासारखा. आमच्या लाल ठिपक्यांमध्ये ‘नेबर मिसिंग’ हा शेरा मी किती वेळा लिहिला असेल, हिशोब नाही. आता बरीचशी नोंद आपोआप होते, तरी सगळी होत नाही.

आता सेटिंगकडे. माझ्या फोनवर `Preferred network type` या नावाखाली तीन पर्याय आहेत: 5G सह सगळं आपोआप, 4G पासून खाली आपोआप, आणि नुसतं 4G. प्रत्येक कंपनीचा फोन नाव वेगळं ठेवतो, काहींमध्ये तिसरा पर्याय दिसतच नाही. काही अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर `*#*#4636#*#*` टाकलं की एक लपलेलं पान उघडतं, त्यात `LTE only` मिळतो. आयफोनमध्ये हा आकडा चालत नाही.

हे सेटिंग हँडओव्हर सुधारत नाही, कारण बोलत असताना कुठे जायचं ते नेटवर्क ठरवतं, फोन नाही. सेटिंग फक्त एवढंच सांगतं की कुठल्या घरी जायचंच नाही. त्याचा फायदा कुठे आणि तोटा कुठे, ते मला कामशेतच्या आसपास उलगडलं.

तिथल्या एका टप्प्यात माझ्या कंपनीचं 4G पातळ होतं. फोनच्या ‘अबाउट’मधल्या सिग्नल स्ट्रेंग्थच्या आकड्याकडे बघत बसलो तर तो तळेगावला उणे 85 होता, तिथे उणे 115. दिसायला तीसचा फरक, पण डेसिबलच्या हिशोबात तीस म्हणजे जोर हजाराव्या हिश्श्यावर. त्यातून एसी डब्याची धातूची भिंत आणि धातूचा मुलामा दिलेली काच. तोच फोन दाराच्या फटीत धरला की आकडा चटकन दहा-बाराने चढतो. (दारात लटकू नका, आकडा बघायला एकदा उभं राहिलात तेवढं पुरे.)

तिथे फोन आपोआप या पर्यायावर होता तेव्हा कॉल तुटला नाही. पडद्यावरचं 4G जाऊन `E` आलं, म्हणजे नेटवर्कने मला 2G वर ढकललं. आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा झाला आणि व्हॉट्सॅपवर गोल फिरत राहिलं. त्रास खरा पुढे. 2G वर गेलेला कॉल साधारणपणे संपेपर्यंत 4G वर परत येत नाही. पुढे मळवलीला 4G दणदणीत असूनही मी तसाच घोगऱ्या आवाजात बोलत होतो. फोन ठेवल्यावरही `E` लगेच हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात, त्याच बाजूला बसून नुसतं 4G ठेवलं. आवाज एकदा खरखरला, पण कॉल 4G वरच राहिला आणि इंटरनेटही चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नुसतं 4G, आणि कॉल थेट कट. त्या दिवशी गाडी खच्चून भरली होती. भरल्या डब्यात माणसंही सिग्नल खातात. आदल्या दिवशी काठावर तगलेलं 4G त्या दिवशी तगलं नाही आणि पडायला खाली 2G ची गादी मीच काढून घेतली होती.

तेव्हा सौदा असा आहे. तिकीट दाखवायचं, मेल बघायचे, नकाशा हवा, तर नुसतं 4G बरं. घरचं कोणी दवाखान्यात आहे आणि कॉल लागलाच पाहिजे, तर 4G पासून खाली आपोआप हा मधला पर्याय ठेवा. फोनमध्ये `VoLTE`, म्हणजे 4G वरूनच बोलायची सोय, बंद असेल तर नुसत्या 4G वर टाकूच नका, इंटरनेट चालेल पण फोन वाजणार नाही आणि तुम्हाला वाटेल आज कोणी आठवण काढली नाही. आणि ज्यांच्या कंपनीकडे 2G मुळातच नाही, त्यांच्यासाठी मधल्या आणि तिसऱ्या पर्यायात नावापुरताच फरक आहे.

5G मात्र गाडीत मी बंद ठेवतो. आपल्याकडे 5G चा बराच भाग 3300 मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालतो. त्या लांब जात नाहीत आणि डब्यात नीट शिरत नाहीत. गाव आलं की 5G चिकटतं, गाव सरलं की सुटतं, आणि दर अदलाबदलीला व्हिडिओ अडखळतो. स्टेशनात उभ्या गाडीत ते छान चालतं, तेव्हा चालू करा.

एसटीचा प्रवास यापेक्षा सोपा. वेग कमी, काच साधी, खिडकी उघडी. तिथे रेंज गेली तर बहुतेकदा घाटाचं वळण हेच कारण असतं आणि पुढच्या वळणावर ती परत येते.

आता लोणावळ्याच्या पुढची गोष्ट, जिथे त्या वाचकाचा सल्ला पूर्ण फसतो. खंडाळा, मंकी हिल, ठाकूरवाडी, पळसदरी या उतारावर बोगद्यामागून बोगदे आहेत. उतारावर गाडी सावकाश चालते, ताशी 30 किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला आठ मीटर. तीनशे मीटरचा बोगदा पार करायला 36 सेकंद लागले. बाहेरच्या टॉवरची लहर खडकातून आत येत नाही, बोगद्यात टॉवर नाही, मग हँडओव्हर करायचा कोणाकडे? सेकंदभर वाट बघून फोन हरतो. कुठलंही सेटिंग इथे कामाचं नाही. यावर इलाज म्हणजे बोगद्याच्या भिंतीलगत लांबच लांब केबल टाकतात, जिच्या अंगावरच्या खाचांमधून लहर गळत राहते. मेट्रोच्या भुयारात हीच युक्ती वापरतात. ती प्रवाशाच्या हातातली नाही, कंपन्यांच्या आणि रेल्वेच्या हातातली आहे.

प्रवाशाच्या हातात आहे ती बोगद्यानंतरची मिनिटं. रेंज नाही असं दिसलं की फोन आधी नेहमीच्या लहरी चाचपतो, मग सगळ्या धुंडाळतो, आणि सापडत नाही असं झालं की बॅटरी वाचवायला दोन शोधांमधलं अंतर वाढवत जातो. त्यामुळे गाडी कर्जतला उभी आहे, शेजारच्याचा फोन लागतोय आणि आपला मात्र झोपलाय, असं होतं. तेव्हा एअरप्लेन मोड दहा सेकंद लावून काढा. शोध पहिल्यापासून सुरू होतो. बोगद्यांच्या मधे मात्र हे करू नका, शोध पुरा होईतो पुढचा बोगदा येतो.

तक्रार करायची असेल तर आधी चार-पाच फेऱ्या जागा लिहून ठेवा. रोज त्याच जागी तुटत असेल तर दोष नेटवर्कचा, रोज वेगळ्या जागी तुटत असेल तर आपल्या फोनचा, सिमचा किंवा डब्याचा संशय धरावा. ‘कामशेतजवळ रेंज नाही’ एवढ्यावर कंपनीतला माणूस काही करू शकत नाही, तिथे कंपनीचे टॉवर आहेतच आणि ते चालू दिसतात. रुळाच्या कडेला विजेच्या तारेचे खांब आहेत ना, त्या प्रत्येकावर दोन आकडे रंगवलेले असतात, वर किलोमीटर आणि खाली खांबाचा क्रमांक. कॉल तुटला तो खांब, वेळ, गाडी कुठल्या दिशेने चालली होती ते, आणि तुटायच्या आधी पडद्यावर 4G होतं की `E`, एवढं कळवा. दिशा विसरू नका, कारण येताना तुटणारा कॉल जाताना त्याच खांबाशी सुखरूप पार होतो, हे मी किती वेळा नकाशावर पाहिलं आहे.

आपला,
एक जुना ड्राइव्ह टेस्टवाला, चिंचवड