पाचोळा भिजवून तुडवला की कुजतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माघ संपत आला की आमच्या कोथरूडच्या गल्लीत सकाळी साडेसहाला धूर असतो. पिंपळ, महोगनी आणि देशी बदामाचा पाला रस्त्याच्या कडेला लोटून ढीग केला जातो आणि त्याला काडी लावली जाते. दाबून बसलेला ढीग भडकत नाही, तो तासन् तास धुमसतो. अशा धुमसण्यातून बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतात. सकाळच्या गार हवेत तो धूर वर चढत नाही, आमच्या खिडक्यांच्या उंचीवरच पसरून राहतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच 5 हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25 हजार रुपये दंड ठरवून दिला आहे. तरीही काडी लावणाऱ्या मावशींना मी दोष देऊ शकत नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, गाडीवाला पाला घेत नाही. पोती भरून ठेवू कुठं?" माझे हे पत्र त्यांच्या या प्रश्नाबद्दल आहे.

आमच्या सोसायटीत लहानमोठी 34 झाडे आहेत. फेब्रुवारी आणि मार्च मिळून धान्याच्या पोत्यांनी मोजली तर साधारण 90 पोती पाला पडतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही तो जाळणे बंद केले. चार फूट व्यासाचे आणि चार फूट उंचीचे लोखंडी जाळीचे तीन गोल कुंपणाजवळ, सावलीत उभे केले. खाली माती उघडी ठेवली, फरशी नको. खर्च जाळीचा आणि बांधायच्या तारेचा, एवढाच.

पहिल्या वर्षी आमचे चुकले. आम्ही पाला कोरडाच भरला आणि वरून रोज पाइपने पाणी मारले. जूनमध्ये जाळी सोडून पाहिले तर वरची चार बोटे ओली होती आणि आतला पाला फेब्रुवारीत होता तसाच, हातात घेतला की पापडासारखा मोडणारा. रुंद पाने कौलांसारखी एकावर एक बसतात, मग वरचे पाणी त्यांच्यावरून घसरून कडेने निघून जाते. पाने कुजवते ती मुख्यतः बुरशी. तिला ओल लागते, आणि ती ओल आत पोचलीच नव्हती.

दुसऱ्या वर्षापासून पद्धत बदलली. पाला जाळीत टाकण्याआधीच मोठ्या पिंपात बुडवून काढायचा. पाण्यात शेण कालवलेले असते, एका पिंपाला एक घमेले. शेण मिळाले नाही तर आंबट ताक किंवा लॉनचे ताजे कापलेले गवत चालते, कारण वाळक्या पानात नत्र फार कमी असते आणि बुरशीला व जिवाणूंना तेच हवे असते. वीतभर थर टाकायचा आणि पायाने तुडवायचा, मग पुढचा थर. असे केले की एका जाळीत 30 पोती पाला मावतो, नुसता ओतला असता तर पंधराही मावली नसती. शेवटी वर गोणपाट टाकायचे. बदामाची पाने जाड आणि चामड्यासारखी असतात, ती अख्खी टाकली तर त्यांची एकमेकांवर थप्पी बसते. म्हणून ती लॉनवर पसरून त्यांच्यावरून गवत कापायचे यंत्र दोनदा फिरवतो. त्यांचे पाव-पाव तुकडे होतात, मग हवा आणि पाणी दोन्ही आत जाते.

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा हात घालून तपासायचे. आतला मूठभर पाला काढून घट्ट पिळला की तळहात ओला झाला पाहिजे, थेंब पडला तर एखाद-दुसराच. हात कोरडा राहिला तर कांब खुपसून खोल भोके पाडायची आणि त्यांतून पाणी सोडायचे. धार लागली किंवा सडका वास आला तर हवा कमी पडली आहे, तेवढा भाग उपसून परत सैल भरायचा. पावसाळा सुरू झाला की फार काही करावे लागत नाही. दिवाळीपर्यंत जाळीतला ढीग कमरेवरून गुडघ्याखाली येतो आणि तळाला काळी, भुसभुशीत, पावसाळी रानाचा वास येणारी माती मिळते. चाळून प्रत्येक जाळीमागे 15-16 घमेली निघाली. चाळणीत राहिलेली अर्धवट पाने पुढच्या भरणीत विरजणासारखी जातात. बागवाले याला लीफ मोल्ड म्हणतात. हे शेणखतासारखे जोरकस खत नाही, एवढे लक्षात ठेवावे. त्याचे काम ओल धरून ठेवणे आणि माती मऊ करणे. कुंडीत तिसरा हिस्सा मिसळले तर उन्हाळ्यात रोजचे पाणी एक दिवसाआड घालून भागते, असा आमच्या गच्चीवरचा अनुभव आहे.

साप, उंदीर आणि वाळवी यांची भीती आम्हालाही घालण्यात आली. उंदीर आले ते एकदाच, कोणी तरी जाळीत शिळी पोळी आणि भात टाकला तेव्हा. तेव्हापासून स्वयंपाकघरातले काहीही जाळीत जात नाही. वाळवी मेलेल्या, वाळक्या लाकूडफाट्यावर येते, म्हणून जाळ्या इमारतीच्या भिंतीपासून दूर ठेवल्या आहेत. गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक मात्र खरी डोकेदुखी आहे. रस्त्यावरचा पाला वेचूनच घ्यावा लागतो.

उरल्या फांद्या. मे महिन्यातली छाटणी आम्ही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढून करून घेतो आणि मनगटाएवढी लाकडे जळणासाठी नेणाऱ्याला देतो. अंगठ्याएवढ्या आणि त्याहून बारीक फांद्यांसाठी दोन शेजारी सोसायट्यांबरोबर मिळून फांद्या बारीक करायचे यंत्र एक दिवस भाड्याने आणतो. फांद्या हिरव्या असतानाच, आठवड्याच्या आत घातल्या तर यंत्र सहज ओढते. वाळल्यावर घातल्या तर यंत्राची पाती बोथट होतात. नारळाच्या झावळ्या घालू नयेत, त्यांचे तंतू फिरत्या भागाला गुंडाळून यंत्र अडकते. निघालेला चुरा झाडांच्या आळ्यात तीन बोटे जाडीचा पसरायचा, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवायची. खोडाला ओला चुरा टेकला की साल कुजू लागते. हा ताजा चुरा मातीत मिसळायचाही नाही. तो कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो. आम्ही पहिल्यांदा तो गुलाबाच्या वाफ्यात कालवला आणि महिन्याभरात पाने पिवळी पडली. वरून अंथरला तर हा त्रास होत नाही.

मुद्दाम सांगते, कोकणात माझ्या आजोळी भाताची रोपे करायच्या वाफ्यावर, म्हणजे राबावर, पातेरा भाजतात. त्यामागे वाफ्यातले तण आणि किडी मारण्याचा हेतू असतो. शहरातल्या रस्त्यावर जाळून फक्त मूठभर राख उरते, आणि तीही गटारात जाते.

पुण्यात ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत त्यांची सांगड ज्यांना पाने हवी आहेत त्यांच्याशी घालण्याचे काम 'ब्राउन लीफ'सारखे नागरिकांचे गट करत आहेत. पण रस्त्यावरचा पाला कोणा एका घराचा नसतो. त्यासाठी महापालिकेने दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक उद्यानात, जिथे पाणी आणि माळी दोन्ही आहेत, अशा दहा-बारा जाळ्या उभ्या कराव्यात आणि झाडणाऱ्या मावशींना आपली पोती जवळच्या उद्यानात टाकण्याची लेखी परवानगी द्यावी. आणि मे महिन्यात प्रत्येक प्रभागात फांद्या बारीक करायचे यंत्र ठरलेल्या वारी फिरवावे. जाळ्या जानेवारी संपण्याआधी लागल्या पाहिजेत, कारण पिंपळ फेब्रुवारीत पाने गाळायला लागतो.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे