बंद केलेल्या मॉडेलचा हेडलाइट, त्याचे कोडिंग आणि गाडीची घटलेली किंमत यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी आपल्या नाशिक येथील विक्रेत्याकडून गाडी घेतली. या मॉडेलचा खप कमी आहे हे मला ठाऊक होते, म्हणून सुट्या भागांबद्दल मी मुद्दाम विचारले. तेव्हा ‘दहा वर्षे काळजी नको’ असे तोंडी उत्तर मिळाले. दीड वर्षात मॉडेल बंद झाले.

फिल्टर किंवा ब्रेक पॅडची अडचण आजवर आलेली नाही, कारण ते आपल्या इतर गाड्यांनाही चालतात. अडते ते फक्त याच गाडीच्या भागांपाशी. ऑगस्ट २०२५ मध्ये रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोच्या धक्क्याने उजव्या हेडलाइटचा खालचा कान तुटला आणि काचेला बारीक तडा गेला. आता रोज सकाळी काचेच्या आत दव साचलेले असते आणि रात्री उजेड रस्त्याऐवजी झाडांवर पडतो. सर्व्हिस सेंटरने आगाऊ पैसे घेऊन मागणी नोंदवली, त्याला बारा आठवडे झाले. बाहेरच्या कंपन्यांचा हेडलाइटही मिळत नाही, कारण इतक्या कमी गाड्यांसाठी साचा काढणे कोणालाही परवडत नाही.

शेवटी मी अपघातात निकामी झालेल्या अशाच गाडीचा हेडलाइट मिळवला. तो जागेवर चपखल बसला, पण पेटला नाही आणि डॅशबोर्डवरचा इशाराही गेला नाही. मेकॅनिकच्या सांगण्यानुसार त्यातील कंट्रोल युनिट जुन्या गाडीशी जोडलेले असून ते माझ्या गाडीला जोडण्याचे कोडिंग केवळ आपल्या सॉफ्टवेअरनेच होते. आपले सर्व्हिस सेंटर मात्र वापरलेल्या भागाचे कोडिंग करण्यास नकार देते. म्हणजे नवा भाग आपण देत नाही आणि जुना चालू देत नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

याचा परिणाम किमतीवरही झाला आहे. ११ लाख ४० हजारांच्या गाडीला जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने ३ लाख १० हजार देऊ केले आणि कारण सांगितले, ‘उद्या काच फुटली तर मी आणू कुठून?’ विम्यातही पाच वर्षांच्या आतील गाडीचे मूल्य साधारणपणे ठरलेल्या घसाऱ्याने निघते, पण बंद मॉडेलचे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. त्या बोलणीत माझी बाजू आधीच कमकुवत आहे.

माझी विनंती अशी, की नवा हेडलाइट कोणत्या तारखेला मिळेल ते लेखी कळवावे आणि तो येईपर्यंत मी आणलेल्या हेडलाइटचे कोडिंग करून द्यावे. तसेच या मॉडेलच्या काचा, दिवे व कंट्रोल युनिट किती वर्षे पुरवणार आणि त्यांच्या कोडिंगची सोय किती वर्षे चालू ठेवणार, हेही लेखी द्यावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीचे बिल, हेडलाइटच्या आगाऊ रकमेची पावती, डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा फोटो