हातातल्या सोंगट्या

प्रिय अव्या,

स. न. वि. वि.

शोगीत, म्हणजे जपानी बुद्धिबळात, एक सोंगटी वर असताना तू मारामारी करत सुटलास आणि तरी हरलास, म्हणून चिडलायस. आपल्या बुद्धिबळात तुझं बरोबरच होतं. सोंगट्या कमी झाल्या की पट मोकळा होतो, राजाचा धोका ओसरतो आणि एका प्याद्याची आघाडीही जिंकून देते. शोगीत मात्र मेलेलं कोणी घरी जातच नाही.

तिथे मारलेली सोंगटी मारणाऱ्याच्या हातात जाते. पुढे कधीही, आपली खेळी म्हणून, ती रिकाम्या घरात टाकता येते. सगळ्या सोंगट्या एकाच रंगाच्या असतात. टोक ज्याच्याकडे, तो शत्रू. त्यामुळे चाळीसच्या चाळीस सोंगट्या शेवटपर्यंत खेळात राहतात. तू केलेल्या प्रत्येक मारामारीने समोरच्याच्याही हातात दारूगोळा भरला.

तुझीच मात बघ. तुझा राजा मागच्या ओळीत मधोमध, त्याच्यासमोरचं घर रिकामं आणि त्या घरापुढे शत्रूचं एक प्यादं. आपण बुद्धिबळवाले त्या प्याद्याला काय भीक घालणार? पण शत्रूच्या हातात ‘सोनं’ नावाचा सेनापती होता. तो त्याने राजाच्या तोंडासमोर टाकला. सोनं पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि पुढच्या दोन्ही तिरक्या घरांत जातं, म्हणून राजाची पाचही घरं बंद झाली. सोनं मारावं, तर मागून प्याद्याचा जोर. खेळ खलास. तो हल्ला पटावर दिसतच नव्हता, हातात दिसत होता.

म्हणून तिथे राजाभोवती दोन-तीन सेनापतींची, म्हणजे सोन्या-चांदीच्या सोंगट्यांची, तटबंदी असली, तरी भोकं मोजावी लागतात. ज्या घरावर तुझा जोर नाही, तिथे काहीही उतरू शकतं. हल्ला करणारा तर एका सोन्यासाठी हत्तीसुद्धा देऊन टाकतो. डावाच्या शेवटी किमतीपेक्षा एका खेळीचा वेग महत्त्वाचा.

बचावालाही हीच सोय आहे. लांबून हत्तीचा शह आला, तर मध्ये हातातलं प्यादं टाकायचं, स्वस्तात सुटका. अडचण एवढीच, की ज्या उभ्या पट्टीत तुझं साधं, बढती न झालेलं प्यादं आहे, तिथे दुसरं टाकता येत नाही. टाकलंस तर डावच हरलास. मग नाइलाजाने चांदी किंवा सोनं मध्ये घालावं लागतं, आणि तेही मारलं गेलं की पुन्हा त्याच्याच हातात! ‘प्याद्याविना शोगी म्हणजे हरलेली शोगी’ असं जपानी लोक म्हणतात, ते यासाठीच. (प्यादं टाकून थेट मात करायला मात्र बंदी आहे. पळवाट असेल तर नुसता शह चालतो.)

जाता जाता, तुझ्याच त्या डावात त्याच्याकडे सोन्याऐवजी चांदी असती, तर तू वाचला असतास. चांदी बाजूच्या घरात जात नाही. राजा तिरका पुढे सटकला असता. म्हणून जाणकार सोनं शेवटच्या घावासाठी राखून ठेवतात. पुढच्या वेळी मारामारी करण्याआधी तेवढं बघ, त्याच्या हातात सोनं जातंय का.

तुझा,
मिलिंद