विषय: जनरेटर चालू होऊन रेस खालीवर होते आणि बंद पडतो, वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

ग्राहक सेवा विभाग यांना,

नमस्कार. धायरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते म्हणून तुमच्या पुण्यातल्या डीलरकडून तुमचा छोटा पेट्रोल जनरेटर घेतला. पहिल्या गुरुवारपासून एकच रडगाणं आहे. चोक लावून दोरी ओढली की लगेच स्टार्ट होतो, चोक काढला की रेस वर जाते, खाली येते, परत वर, असं हुंदके देत देत थोड्या वेळात बंद. बल्ब पण तसाच लुकलुकतो, प्रिंटर लावायची तर हिंमतच होत नाही.

तुमच्या सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर "ग्राहकाने जुनं पेट्रोल वापरलं, वॉरंटी लागू नाही" असं लिहून साफसफाईचं बिल घेतलं, आणि घरी आणल्यावर मशीन परत तसंच. फोन केला तर सांगतात अर्धा चोक ठेवून चालवा. अहो, अर्ध्या चोकवर चालतोय हाच तर पुरावा आहे ना! चोक हवा अडवतो म्हणजे मिक्श्चरमध्ये पेट्रोलचं प्रमाण वाढतं, आणि तेवढं वाढलं की इंजिन शांत चालतं, म्हणजे एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल कमी म्हणून रेस पडते, गव्हर्नर ती 3000 आरपीएमवर आणायला थ्रॉटल उघडतो, रेस चढली की बंद करतो, की परत पडते, हा सगळा खेळ तेवढ्यासाठी. कुठून फालतू हवा ओढत असेल तरी असंच होतं हे मला माहीत आहे, पण गॅस्केट ठीक असल्याचं तुमच्याच जॉबकार्डवर आहे. आणि कायम अर्ध्या चोकवर चालवला तर प्लग काळा होणार, पेट्रोल जास्त खाणार आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरणार, ते इंजिन मग कोण भरून देणार?

आता जुन्या पेट्रोलचं. मी गुरुवारी सकाळी पंपावरून ताजं आणतो, आणि काम झालं की कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत काही राहत नाही. तुमच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय. पण हे मशीन शोरूममध्ये डेमोला वापरलेलं होतं, डिलिव्हरीला आलेल्या मुलानेच सांगितलं, बिलावर मात्र त्याचा उल्लेख नाही. टाकी कोरडी होती. टाकी रिकामी केली म्हणजे वाटी रिकामी होत नाही, हे तुमच्या डीलरला कुणी सांगितलेलं दिसत नाही. माझा मेव्हणा नऱ्ह्यात गॅरेज चालवतो, त्याने डिलिव्हरीच्याच दिवशी, पेट्रोल टाकायच्या आधी, वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल केला तर पिवळट, व्हार्निशसारखा वास मारणारं पेट्रोल निघालं. फोटो तारखेसकट सोबत जोडलाय. वाटीत पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो, तो बरोबर जेटच्या भोकात बसतो, त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते ओलावा पण ओढतं.

साफसफाई केली म्हणता तर नक्की काय केलं? माझ्या समोर वाटी काढून मेन जेटला हवा मारली आणि परत बसवलं, बस. दोन हॅलोजन लावून लोड टाकला की मशीन बऱ्यापैकी सरळ चालतं आणि बिनालोडचं हुंदके देतं, म्हणजे मेन जेट मोकळा झाला असेल, पण कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा बारीक पायलट जेट अजून चोंदलेलाच आहे. त्याचं भोक केसाएवढं असतं, ते नुसत्या हवेने सुटत नाही, कार्ब क्लीनरमध्ये भिजवावं लागतं, आणि मेन जेटच्या वरच्या नळीची आडवी भोकं पण साफ करावी लागतात. फक्त कृपा करून सुई किंवा ड्रिल घालू नका, भोक मोठं झालं की जेट कायमचा वाया.

माझी मागणी अशी. पूर्ण कार्ब्युरेटर सुटा करून पायलट जेटसकट साफ करा, नाही सुटला तर वॉरंटीत नवीन बसवा, आणि माझ्यासमोर चोक पूर्ण काढून, आधी बिनालोड आणि मग लोडवर चालवून दाखवा. घेतलेले पैसे परत करा आणि जॉबकार्डवरचा माझ्यावरचा शेरा काढून मशीन डेमोचं होतं हे लेखी द्या.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. बिल, जॉबकार्ड, ड्रेन केलेल्या पेट्रोलचा फोटो आणि हुंदके देतानाचा व्हिडिओ सोबत आहे.

आपला ग्राहक,
धायरी, पुणे